एकट्या आजीला 3 किलो, मोठ्या घराला 15 किलो: प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: पुराचं पाणी सगळ्यांच्याच दारात आलं होतं. मग माझ्या एकट्या आईला 3 किलो तांदूळ आणि शेजारच्या घराला 15? रेशन कार्ड बघून सगळ्यांना सारखं द्यायला हवं होतं.

दादा, आईंसाठी तुमचा जीव तुटणं मी समजू शकतो. म्हणूनच हिशोब पूर्ण मांडतो.

वेदगंगेकाठच्या आपल्या गल्लीत 60 चुली, 272 माणसं. घरागणिक 10 किलोची पिशवी येणार होती, पण आल्या 45, म्हणजे 450 किलो. सारखे वाटे केले असते तर प्रत्येक चुलीला साडेसात किलो. माणशी रोज 400 ग्रॅम धरले तर आईंना ते अठरा दिवस पुरले असते आणि अकरा माणसांच्या घराला दोन दिवससुद्धा नाही. रस्ता खुला होईपर्यंत त्या घरातल्या पोरांनी काय खायचं होतं?

म्हणून टप्पे केले. एक-दोन माणसांना 3 किलो, तीन ते पाच जणांना 7, सहा ते आठ जणांना 10, नऊ किंवा जास्त असतील तर 15. अशी घरं अनुक्रमे 15, 27, 14 आणि 4 होती. लागले 434 किलो, 16 मुद्दाम मागे ठेवले. आईंचे 3 किलो आठवडाभर पुरतात. अकरा जणांचे 15 किलो साडेतीन दिवसही नाहीत. माणशी पाहिलं तर आईंच्याच वाट्याला जास्त आलं आहे.

माणशी काटेकोर तोलायचं तर एकाच काट्यावर, भर पावसात, रात्र झाली असती. टप्प्यांच्या पिशव्या आधीच भरून ठेवता येतात. टप्प्याच्या काठावर मात्र अन्याय होतो: पाच जणांना 7 आणि सहा जणांना 10. तेरा माणसांच्या घराला तर माणशी सव्वा किलोही मिळालं नाही. मागे ठेवलेला तांदूळ आधी त्यांच्यासाठी आणि यादीतून सुटलेल्यांसाठी होता.

रेशन कार्डाचं म्हणाल, तर त्यावर पुण्याला कामाला गेलेला मुलगा असतो, लग्न होऊन गेलेली मुलगी असते. आणि घर बुडालं म्हणून बहिणीकडे आलेली चार माणसं तिच्या कार्डावर नसतात. अंत्योदय कार्डाला तर महिना 35 किलो ठरलेले, घरात दोन असोत की दहा. म्हणून आम्ही एवढंच विचारलं, ‘काल रात्री या चुलीवर कोण कोण जेवलं?’ पाहुण्यांची नावं त्यांच्या मूळ घरातून कापली, नाहीतर ती दोनदा मोजली गेली असती. मग यादी देवळासमोर मराठीत आणि कानडीत मोठ्याने वाचली. वाढवून सांगितलेलं नाव तिथेच शेजाऱ्यांनी काढलं. कुणाच्या दारात जाऊन संशय घ्यायची वेळ आली नाही.

यादी माझ्याकडे आहे. आईंच्या घरी त्या रात्री आणखी कुणी जेवलं असेल तर सांगा, पुढच्या खेपेला त्यांचा टप्पा बदलतो.