दिवा लवकर लागतो, ते बरंच आहे

"2014 ची गाडी दहा वर्षं चालवली, इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही. ही नवी घेऊन दोन वर्षं होत नाहीत तोच दिवा लागला. गाडी मस्त पळते, पिकअप चांगला, पीयूसी पास. तुमच्या तिकडे पण असंच असतं, का इथेच कंपन्यांनी सर्व्हिसिंगचा धंदा मांडलाय?"

चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, हे घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि मी झोपून उठेपर्यंत खाली निकालही लागला होता. त्याच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, "बीएस-6 चे सेन्सर फार नाजूक असतात साहेब, कोड उडवून टाकू." म्हणजे कॉम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा क्रमांकच पुसून टाकू. मेव्हण्यांनी सगळा दोष इथेनॉलवाल्या पेट्रोलला दिला. आतेभावाने स्वतःच्या डिझेल गाडीची कहाणी लिहिली: फिल्टर काजळीने भरल्याचा दिवा, मग हायवेवर एक लांब चक्कर, मग दिवा बंद. "तूही हायवेला घेऊन जा," असा सल्ला. दादाची गाडी पेट्रोलची आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

गॅरेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे. नवी गाडी खरंच लवकर बोलते. पण सेन्सर नाजूक झाले म्हणून नव्हे. कधी बोलायचं याची रेषा कायद्याने खाली आणली म्हणून.

ही रेषा धुराच्या हिशोबात असते. एखादा भाग इतका बिघडला की किलोमीटरमागे बाहेर पडणारं प्रदूषण ठरलेल्या आकड्याच्या वर जाईल, तर गाडीने ते स्वतः ओळखून दिवा लावायचा, असा ओबीडीचा, म्हणजे गाडीतल्या स्वयंतपासणी यंत्रणेचा, नियम. भारतात 2013 पासूनच्या बीएस-4 पेट्रोल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 80 मिलिग्रॅम होती आणि दिव्याची रेषा होती 600 वर. म्हणजे गाडी मर्यादेच्या साडेसातपट घाण सोडेपर्यंत गप्प बसली तरी कायद्याची हरकत नव्हती. एप्रिल 2023 पासूनच्या बीएस-6 च्या दुसऱ्या टप्प्यात मर्यादा 60 आणि दिव्याची रेषा 90. न जळलेल्या इंधनाचंही तसंच: तेव्हा 400 मिलिग्रॅमची रेषा, आता 170. मोजायची पद्धत मधल्या काळात थोडी बदलली आहे, पण रेषा कुठल्या बाजूला सरकली ते दिसतं. दादाच्या जुन्या गाडीत दहा वर्षांत काहीच बिघडलं नाही असं म्हणता येत नाही. तिला गप्प राहायची मुभा होती, एवढंच.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियात ही मुभा फार आधी संपली. 1996 च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांना ओबीडी-2 लागू झालं आणि बऱ्याचशा बिघाडांसाठी रेषा मर्यादेच्या दीडपट धरली गेली. 60 ला 90, म्हणजे तेच दीडपट. भारतात आज जो वाद चालला आहे तो इथे मागच्या पिढीने घालून झाला. "नव्या गाडीपेक्षा जुनी बरी होती" असं म्हणणारे म्हातारे शेजारी इथेही आहेत.

दादाच्या गाडीत सापडला तो मिसफायर, म्हणजे पाळी आली तरी सिलिंडर न पेटणं. लवकर लागलेल्या दिव्याचा मालकाला काय उपयोग, हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. हजार फेऱ्यांत दोन हजार ठिणग्या. त्यातल्या चाळीस फुकट गेल्या, म्हणजे दोन टक्के, तर चालवणाऱ्याला कळतं का? सहसा नाही. हजार फेऱ्या म्हणजे हायवेला अर्ध्या मिनिटाचं काम. त्यात विखुरलेल्या चाळीस चुका रस्त्याच्या थरथरीत हरवून जातात. "गाडी मस्त पळते" हे दादाचं वाक्य त्यामुळे खरंच होतं. पण क्रँकशाफ्टच्या टोकाला दात्यांचं एक चाक असतं आणि त्याच्यासमोर सेन्सर. सिलिंडर पेटला नाही की शाफ्टला तेवढा धक्का मिळत नाही आणि पुढचे काही दाते किंचित उशिरा येतात. कॉम्प्युटर तो उशीर मोजतो आणि कुठल्या सिलिंडरची पाळी होती तेही टिपून ठेवतो.

न पेटलेलं पेट्रोल जातं कुठे? एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. तिथे ते हवेसकट पोचतं आणि तिथेच जळतं. कन्व्हर्टरच्या आतली जाळी प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंनी माखलेली असते. तापमान हजार अंशांच्या आसपास गेलं की ते कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग कमी होतो. फारच तापलं तर जाळीच वितळते. म्हणून मिसफायर इतका वाढला की कन्व्हर्टर जळायची भीती आहे, तर दिवा लुकलुकतो. हे गाडी दर दोनशे फेऱ्यांना तपासते, आणि लुकलुकणारा दिवा दिसला तर पाय लगेच हलका करायचा, शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्यायची. स्थिर दिवा म्हणजे बिघाड आहे, पण कन्व्हर्टर अजून वाचवता येतो. दादाचा दिवा स्थिर होता. मिसफायर करणारी कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी, हा तुलनेने स्वस्त भाग, कन्व्हर्टर गाडीतल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक. जुनी रेषा असती तर पहिल्याची खबर दुसरा खराब होत आल्यावर मिळाली असती.

मी त्याला एवढंच सांगितलं, "दादा, कोड उडवू देऊ नकोस. आधी वाचायला सांग." कारण कोड उडवला की त्याच्याबरोबर साठवलेली नोंदही जाते: बिघाड झाला तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर होतं, भार किती होता, पाणी किती तापलं होतं. वाचल्यावर P0302 निघाला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. नोंदीत इंजिन गरम, फेरे बेताचे आणि भार भरपूर. चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर असतं तसं. कॉइल किंवा प्लग कमजोर झाला की असंच होतं, कारण दाबाखालच्या मिश्रणात ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. इंजिन नुसतं चालू ठेवून उभं केलं तर सगळं ठीक वाटतं.

गॅरेजवाल्याने कुरकुरत दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली. बाकी कशाला हात लावला नाही. दोन दिवसांनी कोड आला P0303. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोष कॉइलचा. सरकला नसता तर असाच प्लग बदलून बघायचा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासायचं. इथे एका कॉइलवर भागलं. चारही कॉइल आणि वर सेन्सर बदलायचा जो अंदाज आधी दिला होता, तो मागे पडला.

"कंपन्यांचा धंदा" या मुद्द्यावर माझं मत इथल्या अनुभवाने बनलं आहे. अमेरिकेत कन्व्हर्टर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांची हमी कायद्यानेच आठ वर्षं किंवा 80,000 मैल आहे. त्या काळात दिवा लागून हे भाग सदोष निघाले तर खर्च कंपनीचा. अशा ठिकाणी उगाच दिवा लावून कंपनीला काय मिळणार? उलट, दिवा शक्य तितका उशिरा लागावा हाच तिचा स्वार्थ, आणि म्हणून तर रेषा सरकारला आखून द्यावी लागते.

मी जिथे स्मॉग चेक, म्हणजे इथली पीयूसी, करून घेतो तिथला तंत्रज्ञ हे अधिक कोरडेपणाने सांगतो. 2000 च्या आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांच्या नळकांड्यात तो नळी घालतच नाही. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये केबल जोडतो. दिवा लागलेला असेल तर नापास. आदल्या रात्री कोड उडवून आलात तरी त्याला दिसतं, कारण गाडीने स्वतःच्या तपासण्या पुन्हा पूर्ण केलेल्या नसतात. "लोक मला फसवायला येतात आणि गाडीच त्यांची चुगली करते," असं तो हसत म्हणतो.

भारतात नेमका हाच धागा तुटलेला दिसतो. गाडी 90 मिलिग्रॅमला बोलते, पण पीयूसीवाला ते ऐकत नाही. पेट्रोल गाडीची पीयूसी उभ्या गाडीवर होते, त्यात नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि चढावर भाराखाली होणारा मिसफायर तिथे दिसायचं कारणच नाही. दादाची गाडी दिवा पेटलेला असताना पास झाली, यात यंत्राची लबाडी नव्हती. ते वेगळंच काहीतरी मोजत होतं. पण "पीयूसी पास, म्हणजे दिवा खोटा" हा निष्कर्ष मात्र त्यातूनच जन्मतो. नियमाने गाडीला बोलायला लावलं आणि तपासणी जुनीच ठेवली, ही माझी खरी तक्रार आहे.

या पद्धतीचे कच्चे दुवेही आहेत. खडबडीत रस्त्यावर चाकांचे धक्के शाफ्टपर्यंत पोचतात आणि मिसफायरसारखेच दिसतात, म्हणून गाडी अशा वेळी मिसफायर मोजणं तात्पुरतं थांबवते. रोजचा रस्ताच तसा असेल तर बिघाड सापडायला वेळ लागेल. मेव्हण्यांच्या इथेनॉलच्या शंकेलाही मी हो किंवा नाही म्हटलं नाही. इथेनॉल वाढलं की इंजिनला थोडं जास्त इंधन सोडावं लागतं, आणि ती भरपाई करताना कॉम्प्युटरच्या हातातली थोडी जागा खर्च होते. एखाद्या गाडीत हवेची बारीक गळती आधीच असेल तर उरलेली जागा पुरणार नाही. पण ते स्कॅनरवर फ्यूएल ट्रिमचा, म्हणजे त्या भरपाईचा, आकडा बघून ठरवायचं असतं, आणि तो आकडा त्यांनी अजून पाठवलेला नाही.

कॉइल बदलल्यावर गॅरेजवाला पुन्हा कोड उडवायला निघाला होता. दादाने नको म्हटलं. दुरुस्ती खरी असेल तर लागोपाठ तीनदा गाडी चालवून बिघाड दिसला नाही की दिवा आपण होऊन जातो, आणि साठवलेला कोड चाळीस वेळा इंजिन थंड होऊन गरम झाल्यावर पुसला जातो. दिवा गेला. गॅरेजवाल्याचं मत अजून तेच आहे: बीएस-4 च्या गाड्या बऱ्या होत्या. आतेभाऊ म्हणतो, हायवेला नेली असती तर कॉइलचा खर्चही वाचला असता.