कॅट–मॅट चूक कसं?

आत्ताच लिहून टाकते. उद्यापर्यंत थांबले तर राग उतरेल आणि मग राहूनच जाईल.

आज ओम शाळेतून आला तो दप्तर न काढताच सोफ्यामागे जाऊन बसला. इंदूरच्या या उकाड्यात सोफ्यामागे! पंख्याचा वारासुद्धा पोचत नाही तिथे. सून ऑफिसात, घरात मी आणि तो दोघंच. लिंबू सरबत केलं, जिरावनाचे शेव-परमल पुढे केले, तरी हूं की चूं नाही. शेवटी आतून आवाज आला, "आजी, मला रायमिंग येत नाही."

पाच वर्षांचं पोर. दिवसभर "मामा-जामा-पायजामा" करत आमचं डोकं उठवतं. त्याला म्हणे यमक येत नाही!

दप्तरातून वर्कशीट काढलं. अशी शीटं तुमच्याही घरी येत असणार, म्हणून नीट सांगते. डावीकडे चार चित्रं, उजवीकडे चार, जुळणाऱ्या शब्दांना रेघेनं जोडायचं. डावीकडे मांजर, कुत्रा, पेन आणि एक किडा. उजवीकडे टोपी, एक चौकोनी काहीतरी, कोंबडी आणि लाकडाचा ओंडका. शब्द एकही लिहिलेला नाही. चित्र सुपारीएवढं. मास्तरीण बाईंच्या मनातलं उत्तर असं: कॅट–हॅट, डॉग–लॉग, पेन–हेन, बग–रग. ओमनं मांजर त्या चौकोनाला जोडलं होतं आणि किडा टोपीला. दोन फुल्या, दोन बरोबर, आणि खाली लाल शाईत शेरा: रायमिंगचा सराव हवा.

मी एकतीस वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरी शिकवली आहे. चुकलेल्या मुलाला आधी "असं का केलंस?" विचारायचं, एवढं तरी अंगात मुरलंय. चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे रे?"

"मॅट."

"कशावरून?"

"बाथरूमबाहेर असते ना आपली. दोन्हीकडे झिरमिळ्या."

आता सांगा मला. कॅट–मॅट. चूक कसं? कानाला विचारा, यापेक्षा चोख यमक कुठलं आहे? चित्रात रग होतं म्हणे. आमच्या घरात रग नाही. सतरंजी आहे, चटई आहे, पायपुसणं आहे, आणि त्या पायपुसण्याला सगळे मॅट म्हणतात, मीसुद्धा. हिंदीत तर रग म्हणजे शीर! पाच वर्षांच्या पोरानं हा शब्द आणायचा कुठून?

मग टोपी. "ही?" "कॅप. पप्पांची आहे तशी." चश्मा लावून पाहिलं. हॅटची ती गोल झालर मूळ चित्रात फिकट राखाडी असणार. झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता ती उडून गेली आणि उरला वरचा घुमट. आता ती कॅपच होती. खोटं नाही बोलत, मलाही आधी कॅपच वाटली.

"मग किडा टोपीला का जोडलास?"

आता जे म्हणाला ते ऐका. "बग-कॅप जुळत नाहीच गं आजी. पण एकच उरलं होतं."

जुळत नाही हे त्याला ठाऊक होतं! ज्या पोराला दोन शब्द जुळत नाहीत हे कानानं कळतं, त्याला रायमिंग येतं. याहून वेगळी परीक्षा काय असते रायमिंगची? जोड्या लावायच्या शीटचा हा जुना खोडा आहे. एक चित्र भलतं वाचलं की एक जोडी नाही चुकत, दोन चुकतात, कारण उरलेली दोन बिचारी नाइलाजानं एकमेकांच्या गळ्यात पडतात. चारात दोन गेले की मार्क एकदम निम्मे.

आणि गंमत पुढेच आहे. कुत्रा-ओंडका या जोडीला बरोबरची खूण होती. विचारलं, "हे काय?" "वूड." "मग डॉगला का जोडलंस?" "काळू लाकडांवरच झोपतो ना, कोपऱ्यावरच्या बांधकामाच्या." म्हणजे जिथे बरोबर मिळालं तिथे यमकाचा संबंधच नव्हता, आणि जिथे यमक अस्सल होतं तिथे फुली. खरी धड म्हणावी अशी एकच जोडी, पेन–हेन, कारण वर्गातल्या तक्त्यावर कोंबडीखाली हेन लिहिलंय. या कागदावरून त्या मिसना ओमबद्दल काय कळलं? काही नाही. उलटंच कळलं.

थांबा, जरा पाणी पिऊन येते.

हं. तर मी मग कागद बाजूला ठेवला आणि नुसतं तोंडी विचारलं. कॅट आणि हॅट? "जुळतं." कॅट आणि कॅप? "नाही. सुरुवात सारखी आहे." (हे मी विचारलंही नव्हतं!) बग-रग? "जुळतं. रग म्हणजे काय?" सन-रन, पॉट-डॉट, बेल-बॉल, सगळं पटापट. दोन मिनिटांचं काम. चित्र काढून घेतलं की कान किती तयार आहे ते कळतं. तोंडी येतं आणि कागदावर येत नाही, म्हणजे घोटाळा चित्रात किंवा शब्दसंग्रहात आहे. तोंडीही येत नसेल तर खरंच सराव हवा, मग द्या की खुशाल शेरा.

मागच्या आठवड्यातलं बिगिनिंग साउंडचं शीटही दप्तरात निघालं. घरट्याचं चित्र, त्यात तीन अंडी. हवं होतं नेस्ट, म्हणजे एन. ओमनं लिहिलं ई. एग! अहो, घरट्यात तीन अंडी ठळक काळ्या रेघेनं काढायची, काड्या पुसट काढायच्या आणि पोरानं काड्यांचं नाव घ्यायचं? पुढे व्हॅन. त्यानं डब्ल्यू लिहिलं, फुली. आता आपल्या मराठीत व एकच. व्हॅनचा व आणि वॉचचा व आपल्यातले बरेच जण सारखाच म्हणतात. इंग्रजीत एकाला खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा आणि दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा, हे त्याला आजवर कुणी आरशासमोर उभं करून दाखवलंय? आणि कॉटला के लिहिलं म्हणून फुली. पहिला आवाज विचारलात ना? आवाज क आहे. काइटचा आणि कॉटचा आवाज एकच. त्यानं आवाज बरोबर ओळखला, अक्षर चुकलं. मग अक्षर विचारा की, आवाज कशाला विचारता!

बरं, मान्य. वर्गात चाळीस पोरं असतात, प्रत्येकाला "हे काय?" विचारायला वेळ कुठून आणणार. आणि रग, लॉग हे शब्दही कधीतरी यायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शब्द शिकवणं वेगळं आणि कान तपासणं वेगळं. दोन्ही एकाच कागदावर घेतलं की कॅट–मॅट चूक ठरतं.

माझी धाकटी बहीण मानसशास्त्र शिकवायची. तिला फोन केला तर म्हणाली, ताई, १९८० साली स्नॉडग्रास आणि व्हँडरवर्ट या दोघींनी २६० साधी रेखाचित्रं घेऊन हेही मोजलं होतं की एका चित्राला किती माणसं एकच नाव देतात. काही चित्रांना सगळे एकमुखानं एकच नाव देतात, काहींना दहा जण चार नावं देतात. तीसुद्धा मोठी माणसं, इंग्रजी बोलणारी! आणि इथे आमचा ओम, घरी मराठी, गल्लीत "भिया-भिया" करत हिंदी, शाळेत इंग्रजी. कोंबडी एक आणि नावं तीन.

लिहिता लिहिता एक जुनं आठवलं, आणि ते लपवणं बरं नाही. माझ्या वर्गात मुळाक्षरांचा तक्ता होता. त्यात ऋ ऋषीचा. दाढीवाला, जटावाला, मांडी घालून बसलेला. एका मुलीनं त्यावर बोट ठेवून "सा साधूचा" म्हटलं. मी वर्गासमोर हसले. वर "लक्ष कुठे असतं तुझं?" असंही म्हणाले. लक्ष चित्रातच होतं तिचं. तिनं साधूचा पहिला आवाज अगदी बरोबर काढला होता. आज ती बाई चाळिशीची असेल. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, पण विचारलं असतं तर कळलं असतं.

म्हणून त्या मिसवर आता तितका राग नाही राहिला. तरुण आहेत, हातात छापील शीटांचा गठ्ठा येतो, त्या वाटतात. मी उद्या जाऊन भांडणार होते, आता नाही. एक चिठ्ठी देते फक्त. शीट वाटल्यावर आधी सगळ्या वर्गानं एकेका चित्राचं नाव मोठ्यानं म्हणायचं, मिसनं "आज याला आपण रग म्हणू" असं सांगून टाकायचं, मग पेन्सिल उचलायची. तीन मिनिटं लागतात. नाव सांगितलं म्हणजे उत्तर फोडलं असं नव्हे, यमक तर पोरालाच शोधायचंय. आणि शीट निवडताना डावीकडे मांजर असेल तर उजवीकडे मॅटसारखं दिसणारं काही नको. कुणी भलतं नाव घेतलं तरी त्याची दुसरीकडे जोडी जमू नये, इतकं बघितलं तरी पुष्कळ. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात आठ शब्द छापले तर घरी आजीचंही भलं होईल. मीसुद्धा तो किडा आधी झुरळच समजले होते.

संध्याकाळी ओमला म्हटलं, चल, आपणच शीट करू, मोठ्या चित्रांचं. स्केचपेन घेऊन चांगली वहीच्या पानाएवढी हॅट काढली. रुंद झालर, वर घुमट, रिबिनीचा पट्टासुद्धा. त्याच्यापुढे धरली. "हे काय?"

त्यानं मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. "कुकरचं झाकण."

सून घरी आली तेव्हा आम्ही दोघं कुकर, कुकर, बुकर, टुकर करत बसलो होतो.