साडेसातला झोपणारा राउटर

घर माझं, बिल माझं, आणि घड्याळ बीजिंगचं! पंधरा दिवस डोक्याची मंडई केली या डबड्याने.

पोरगा रात्री बारापर्यंत टॅब घेऊन बसतो म्हणून मी राउटरमध्ये वायफायचं वेळापत्रक लावलं. रात्री दहाला बंद, सकाळी सहाला चालू. पहिल्याच दिवशी संध्याकाळी बरोबर साडेसातला वायफाय गायब. आईची मालिका अर्ध्यात अडकली, बायकोची मीटिंग तुटली, आणि दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वायर कापली. वर पहाटे साडेतीनला वायफाय आपोआप जागं झालं आणि घरातले सगळे फोन एकदम टिंगटिंग करायला लागले. पहाटे साडेतीनला!

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: "सर, रिस्टार्ट करून बघा." केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसात. तरी मला बत्ती पेटली नाही. पेटली ती वेगळ्याच भांडणात. एका रात्री सव्वानऊला नेटच गेलं, तक्रार केली, तर ते म्हणाले लॉगमधली वेळ सांगा. लॉगमध्ये 23:45. मी तेच सांगितलं. "सर, पावणेबाराला तर तुमची लाइन चालू होती." आता यांच्याशी काय वाद घालायचा? पण सव्वानऊ आणि पावणेबारा यांत अडीच तासांचा फरक. दहा आणि साडेसात यांतही अडीचच. सेटिंग उघडलं, तर टाइम झोन `GMT+08:00`, म्हणजे बीजिंगचा. आपण `GMT+05:30`. अरे, भारतात विकताय ना? मग हा एक आकडा बदलून द्यायला हात मोडतात का? त्या उणे बारापासून सुरू होणाऱ्या लांबलचक यादीत कराची आणि काठमांडू यांच्या मध्ये आपण सापडतो. खाली डेलाइट सेव्हिंगचा चौकोनही होता, खूण केलेला! आपल्याकडे ती भानगडच नाही. ती खूण ठेवली असती तर उन्हाळ्यात आणखी एक तास बोंब. काढून टाकली.

झोन बदलला, शेजारी `Get from PC` असं बटण होतं ते दाबलं, घड्याळ बरोबर दिसलं, मी खूश. जुन्या नोंदी मात्र आहेत तशाच राहतात. त्यामुळे लॉगमध्ये त्या जागी वेळ अचानक अडीच तास मागे उडी मारते. तो बिघाड नाही, हे कळेपर्यंत माझी आणखी एक संध्याकाळ गेली.

मग पाऊस आला आणि लाइट गेली. लाइट परत आली, नेटचा दिवा हिरवा, पण वायफाय नाही. अर्ध्या तासाने आपोआप आलं. पुढच्या वेळीही अर्धाच तास, भर दुपारी! केबल लावून लॉग बघितला: `1970-01-01 05:30`. या खोक्यात घड्याळासाठी साधा सेलसुद्धा नाही हो. वीज गेली की ते 1 जानेवारी 1970 ला जाऊन बसतं, GMT च्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. वेळापत्रकात सहापर्यंत वायफाय बंद. म्हणून तो अर्धा तास! त्यातल्या त्यात बरं एवढंच की 05:30 दिसलं म्हणजे झोन नीट आहे, फक्त वेळ बाहेरून आलेली नाही. 08:00 दिसलं असतं तर पुन्हा बीजिंग.

ते `Get from PC` बटण एकदाच लॅपटॉपची वेळ उचलतं आणि लाइट गेली की विसरतं. मग ठेवलंय कशाला? खरी वेळ इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरकडून यायला हवी. तो पर्याय निवडला, तर त्यात आधीच भरलेला पत्ता मेलेला. तो पुसून `in.pool.ntp.org` टाकलं, सेव्ह केलं. यावेळी शहाणपणा केला: राउटरचा स्विच बंद, परत चालू, दोन मिनिटं थांबलो, मग घड्याळ बघितलं. बरोबर! मुद्दाम तीनदा केलं. बायको म्हणाली, "आता त्याची आरती पण ओवाळा."

काल दुसऱ्याच कामाला टेक्निशियन आला, आणि मी चहा आणेपर्यंत त्याने टाचणी घालून रिसेट मारला. झोन पुन्हा `GMT+08:00`. वेळापत्रकही उडालं, त्यामुळे पोरगा काल रात्री दीडपर्यंत टॅबवर होता. त्याला विचारलं तर म्हणतो, "बाबा, बीजिंगला तर चार वाजले असतील ना?"