बँकेला पत्र लिहिताना घाई करू नये

खात्यातून दहा हजार रुपये गेल्याचा मेसेज आला आणि ते तुम्ही काढलेले नाहीत, तर सगळ्यात आधी शांत राहा. इतके शांत राहा की पुढचा आठवडा उजाडला पाहिजे. आपल्याकडे पैसे गेले म्हणून कुणी त्याच दिवशी पत्र लिहीत नाही. आधी शेजाऱ्याला मेसेज दाखवतात, मग भाच्याला, मग कोल्हापूरच्या जावयाला. तो फोनवर सांगतो, "काही नाही हो, सर्व्हरचा घोटाळा असेल, येतील परत." जावयाचा शब्द मोडायचा नसतो.

उदाहरणाला आपण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक आप्पा घेऊ. डिसेंबर महिना, गळीत हंगाम जोरात, उसाचं बिल नुकतंच खात्यावर जमा झालेलं. गुरुवारी सकाळी ११:४२ ला मेसेज आला: एईपीएसने दहा हजार काढले. शुक्रवारी साधारण त्याच वेळेला आणखी दहा हजार. आप्पांनी ना कार्ड कुणाला दिलं, ना ओटीपी सांगितला. एईपीएस म्हणजे आधारवरून पैसे काढायची सोय, तिला यातलं काहीच लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढं जुळलं की लांबच्या एखाद्या बँकमित्राच्या, म्हणजे बँकेच्या एजंटाच्या, छोट्या मशीनवरून रोख निघते. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार.

ठसा गेला कुठून, हे विचारू नका, झोप उडेल. आप्पांनी मागच्या वर्षी भावाबरोबर वाटणीपत्र करून सब-रजिस्ट्रार ऑफिसात अंगठा दिला होता, एवढं लक्षात ठेवा. २०२३ मध्ये कर्नाटकात एईपीएसच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांत नोंदणी केलेल्या दस्तांच्या ऑनलाइन प्रतींवरून अंगठ्याचे ठसे उचलल्याचा संशय पुढे आला होता. ठशावरून सिलिकॉनचं बोट तयार होतं. आप्पांचं खरं बोट त्या वेळी कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकलेलं होतं.

आता पत्र. तुम्हाला पैसे परत नकोच असतील तर थांबणं हा सर्वांत सोपा उपाय. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी १४ डिसेंबरला तसंच दुसरं निघालं. त्यांत लिहिलंय की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, दोष मधल्याच कुणाचा, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. बँकेचा मेसेज मिळाला तो दिवस धरत नाहीत. आप्पांचा गुरुवार सोडला तर शुक्रवार पहिला, शनिवार दुसरा शनिवार म्हणून बँक बंद, रविवार बंद, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. मंगळवारपर्यंत आप्पा सुरक्षित, शुक्रवारच्या व्यवहारासाठी बुधवारपर्यंत.

म्हणून बुधवार उलटून जाऊ द्यावा. तसा तो आपोआप उलटतो, विशेष कष्ट पडत नाहीत. शुक्रवारी लग्न, सोमवारी ऊसतोडणीची टोळी, मंगळवारी बँकेत गर्दी. बुधवारी जाऊन पोचलात तर खिडकीमागचा माणूस म्हणतो, "साहेब ट्रेनिंगला गेलेत, नाळे बर्री." आणि तुम्ही "बरं" म्हणून परत येता. कन्नड येत नाही म्हणून ज्यांचं काही अडलं असेल त्यांचं अडो, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, हे मात्र अख्ख्या सीमाभागाला कळतं आणि पाळलंही जातं.

उशीर झाला की हिशेब कसा होतो तो जरा बघण्यासारखा आहे. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रकमेपर्यंत भार येतो. साध्या बचत खात्याला ही मर्यादा दहा हजार, झीरो बॅलन्सच्या मूळ बचत खात्याला पाच हजार. व्यवहार त्याहून लहान असेल तर व्यवहाराएवढाच. एईपीएसचा एक व्यवहारही जास्तीत जास्त दहा हजारांचाच. म्हणजे आप्पांनी शुक्रवारपर्यंत वाट पाहिली तर "मर्यादित भार" या मायाळू शब्दांखाली वीसच्या वीस हजार त्यांचेच गेले. भामट्याने दोन वेळा दहा-दहा काढायच्या ऐवजी एकदम पन्नास हजार काढायची सोय असती तर आप्पांना चाळीस परत मिळाले असते! सात दिवसांनंतर काय द्यायचं ते प्रत्येक बँकेचं स्वतःचं धोरण ठरवतं, म्हणजे तिथे आणखी मजा आहे.

एवढं सगळं करूनही काही लोक वेळेत बँकेत पोचतात. त्यांच्यासाठी पत्राची भाषा महत्त्वाची. आधी दोन दिवस वाद घालावा की पत्र मराठीत लिहायचं, इंग्रजीत, की कन्नडमध्ये. पत्त्यात बेळगाव लिहायचं की बेळगावी, यावर तिसरा दिवस सहज निघतो. एकदा ठरलं की "आदरणीय मॅनेजर साहेब, सविनय नमस्कार, आपल्या कृपाछत्राखाली आमचं घराणं तीन पिढ्या खातं चालवत आहे" अशी सुरुवात करावी. वडिलांचं खातं कधी उघडलं, कर्ज कधी फेडलं, मुलीचं लग्न कुठे दिलं हे यावं. व्यवहाराची तारीख, वेळ आणि मेसेजमधला व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे आरआरएन, मात्र कटाक्षाने टाळावा. त्या आकड्यांनी पत्र रुक्ष होतं, आणि शिवाय बँकेला व्यवहार सापडतो.

शेवटी नम्रपणे एक वाक्य घालायला विसरू नका: "कदाचित माझ्याकडूनच कुणाला तरी माहिती दिली गेली असेल, चूकभूल द्यावी घ्यावी." या एका ओळीने बँकेचं सगळं काम हलकं होतं. कारण नियमानुसार ग्राहकाने निष्काळजीपणे पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. आप्पांनी काही दिलेलं नाही, पण आपल्याकडे नम्रपणा दाखवायला खोटं लिहिलं तरी चालतं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलंय, तुम्ही तो बिचाऱ्यांचा त्रास वाचवताय.

आप्पांच्या पुतणीने, जी बेळगावात बी.कॉम. करते आणि तिला आपल्या रीतिरिवाजांची काही कल्पना नाही, सोमवारीच असं पत्र लिहिलं:

"विषय: माझ्या बचत खात्यातून न केलेला एईपीएस व्यवहार. गुरुवारी सकाळी ११:४२ वाजता १०,००० रुपये आणि शुक्रवारी ११:४० वाजता १०,००० रुपये माझ्या परवानगीशिवाय काढले गेले. दोन्हींचे आरआरएन व पासबुकची प्रत सोबत आहे. मी कार्ड, पिन वा ओटीपी कुणालाही दिलेला नाही. गुरुवारी त्या वेळी मी कारखान्याच्या काट्यावर होतो, काटा पावती जोडली आहे. कृपया आजच माझ्या खात्यावरची एईपीएसने पैसे काढण्याची सोय बंद करावी. पैसे कोणत्या बँकमित्राच्या मशीनवरून, कुठे काढले गेले ते कळवावे. रक्कम परत जमा करावी. या पत्राची सही-शिक्क्यासह पोच द्यावी."

एवढंच! ना घराण्याचा उल्लेख, ना कृपाछत्र. साहेबांनी वाचून विचारलं, "अंगठा तर तुमचाच लागलाय ना?" आप्पा गप्प. पुतणी म्हणाली, "सर, अंगठा जुळला म्हणजे माणूस तिथं होता असं होत नाही. काट्याच्या पावतीवर ११:३१ छापलंय. तुमच्या मशीनवरची जागा तुम्ही सांगा की." साहेब पावती उलटसुलट करून बघत राहिले. काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि वेळ असतं. बँकेत त्याचं एवढं निरखून वाचन क्वचितच होत असेल.

मग शिपायाने सांगितलं, पत्र ठेवून जावा, पोच नंतर देतो. इथे मात्र सर्वांनी आपल्या परंपरेप्रमाणे वागायचं असतं: पत्र ठेवायचं, चहा प्यायचा, घरी यायचं. तारखेचा शिक्का मारलेली प्रत हातात नसली की सोमवारी कळवलं की पुढच्या महिन्यात, हे दोघांनाही आठवणीवर सोडता येतं. पुतणी झेरॉक्सवर शिक्का आणि आवक नंबर पडेपर्यंत काउंटरला टेकून उभी राहिली. वर बँकेच्या टोल फ्री नंबरवर फोन करून तक्रार क्रमांकही घेतला, कारण कळवण्याची सोय बँकेने चोवीस तास ठेवायची असते, दुसऱ्या शनिवारीसुद्धा. तो नंबर तिने पासबुकाच्या मागून घेतला. इंटरनेटवर "कस्टमर केअर" शोधून पहिल्याच नंबरला आधार सांगायची मौज तिने घालवली.

खातं सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली काही लोक सगळंच बंद करायला सांगतात. ते छान. खातं गोठवलं की उसाचं उरलेलं बिल, पेन्शन, घरातल्या बाईचे गृहलक्ष्मी योजनेचे पैसे सगळं अडतं, आणि भामटा आपला दुसऱ्या खात्याकडे वळतो. पुतणीने फक्त एईपीएसने पैसे निघण्याची वाट बंद करायला लावली. आधार जोडणी तशीच ठेवली, म्हणून पैसे येत राहिले. मोबाइलवरच्या mAadhaar ॲपमध्ये आप्पांचं बायोमेट्रिकही लॉक केलं. त्याचा एक तोटा आहे, तो सांगायलाच हवा: रेशन दुकानात अंगठा लागतो तेव्हा आधी तात्पुरतं उघडावं लागतं, नाहीतर दुकानदार "जुळत नाही" म्हणून परत पाठवतो. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर लॉकच होत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी हरवलेलं सिम आधारला चिकटवून ठेवणाऱ्यांनी निश्चिंत असावं.

१९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रारही तिने केली. रोख काढलेले पैसे तिथून पकडणं कठीण, कारण हातात पडलेल्या नोटा गोठवता येत नाहीत. तरी तक्रारीची पोच पत्राला जोडता येते आणि बँक "पोलिसांत गेलात का?" विचारायला लागली की कागद पुढे करता येतो. पतसंस्थेत, सोसायटीत पैसे ठेवणाऱ्यांनी मात्र हा सगळा उद्योग करू नये. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक बँकांना आहे, सोसायटीला नाही. तिथे चेअरमनच्या चौकटीच्या आत कुठलाही नियम पोचत नाही.

पत्र मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करायची असते, आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. कळवल्यानंतर आणखी पैसे गेले तर ते बँकेचे. आप्पांना दहावा दिवस कुठला ते माहीत आहे, पुतणीने कॅलेंडरवर गोल केलाय. तुम्ही करू नका. दहाव्या दिवशी गेलात तर साहेबांना वाईट वाटेल.

आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ओळखही लागत नाही. अशा ठिकाणी आपल्या माणसाने जाऊन करायचं काय?