रुपया आणि पोटॅशची गोणी

"डॉलर ९० झाला काय नि ८४ राहिला काय, आपल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला काय फरक पडतो?"

भाऊ, केळीवाल्यालाच जास्त पडतो. युरियाचं सोडा, ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला बांधलेली आहे, वरचा भार सरकार उचलतं. पण केळीला घड भरताना लागतं पोटॅश, आणि ते आपल्या देशात निघतच नाही, जवळजवळ सगळं बाहेरून येतं. आता समजा टनाला ३५० डॉलर भाव धरला तर ५० किलोची गोणी साडेसतरा डॉलरची, ८४ च्या रेटने १४७० आणि ९० ने १५७५, म्हणजे तिकडे भाव एक पैसा न वाढता इकडे १०५ रुपये वाढले, भाडं नि दुकानदाराचं कमिशन वेगळंच. यावर सबसिडी किलोमागे ठरलेली असते, ती रुपयाबरोबर आपोआप वाढत नाही, मग फरक गोणीवरच येतो. मग लोक काय करतात, पोटॅश कमी टाकतात नि स्वस्त युरिया जास्त, पानं हिरवीगार दिसतात पण कडा करपल्या आणि घड हलका निघाला की समजायचं.

खायच्या तेलाचंही तसंच, निम्म्याहून जास्त बाहेरचं. त्यात इम्पोर्ट ड्युटी टक्क्यात, म्हणजे रुपयातली किंमत वाढली की ड्युटीपण वाढते. घरी पामतेल आणत नसाल, पण फरसाणवाला तेच वापरतो ना! आणि पाम चढलं की सोयाबीन, सरकीचं तेलही मागोमाग चढतं, भरीत केलं की कळतंच घरात.