आगोटीची तयारी: पेइंग गेस्ट ठेवू इच्छिणाऱ्या घरमालकांस काही सूचना

आगोट जवळ आली की कोकणातला जाणता गृहस्थ वर्षभराच्या जळणाची सोय लावतो. चुडते, सोडणे आणि फाटी पावसात भिजू नयेत म्हणून जिन्याखालच्या कोरड्या जागेत व्यवस्थित रचून ठेवतो. नेमके त्याच सुमारास महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात आणि माडीवरच्या दोन खोल्यांसाठी मुले विचारत येतात. खाली जळण आणि वर विद्यार्थी, मधे एक सागवानी जिना, अशी ही दुहेरी बेगमी ज्यांनी केली आहे किंवा यंदा करायचे योजले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभवाचा सल्ला आहे. मी स्वतः रत्नागिरीत अशाच एका माडीवर तीन वर्षे काढली असल्यामुळे, काय केले म्हणजे काय होते हे मला खालून नव्हे, वरून ठाऊक आहे.

सर्वप्रथम भिंतीवर ठळक अक्षरांत ‘खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी लावावी. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला रात्री अकरा वाजता भूक लागते, या क्षुल्लक गोष्टींचा विचार करण्याचे कारण नाही. पाटी लावल्याने स्वयंपाक थांबत नाही, तो फक्त दिसेनासा होतो, आणि तेच आपल्याला हवे असते. उघड्यावर, ओट्यावर, खिडकीशेजारी जे झाले असते ते आता खाटेवर, गादीच्या कडेला पुठ्ठा घालून होते. वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला जातो, खिडकी लावून घेतली जाते, आणि जिन्यावर आपले पाऊल वाजले की तापलेली इंडक्शन शेगडी तशीच्या तशी खाटेखाली सरकवली जाते, जिथे गेल्या सत्राची वर्तमानपत्रे असतात. सामाईक ओटा आणि त्यालगत एक दणकट सॉकेट दिले असते, तर या शिस्तीचा आपल्याला आनंद मिळाला नसता.

विजेच्या बाबतीतही हात आखडताच असावा. एका खोलीत तीन मुले असली तरी सॉकेट एकच द्यावे आणि तेही सहा अँपिअरचे, छोट्या भोकांचे. बाकीची व्यवस्था मुले बाजारातून एक्स्टेन्शन बोर्ड आणून स्वतःच करतात. त्या बोर्डाला चार भोके असतात, आणि भोके चार आहेत म्हणजे चार वस्तू चालतात, असा मुलांचा प्रामाणिक समज असतो. आता १५०० वॅटची केटल २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर घेते, म्हणजे ती एकटीच त्या सहा अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा ओलांडते. तिच्या शेजारी २००० वॅटची शेगडी लावली की आणखी पावणेनऊ अँपिअर. एकूण पंधरा अँपिअर ज्या प्लगमधून आणि ज्या करंगळीहून बारीक वायरीतून जातात, ते दोघेही सहा अँपिअरच्या बोलीवर घरात आलेले असतात. चहाही होतो आणि अंडीही उकडतात, त्यामुळे तक्रार कोणाचीच नसते.

यात आपल्या किनाऱ्याचा वाटा मोठा आहे आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. खारा वारा खिडकीच्या बिजागऱ्यांना जे करतो तेच तो सॉकेटमधल्या पितळी पट्ट्यांना करतो. त्यांच्यावर हिरवट-काळपट थर चढतो. दिवसातून दहा वेळा प्लग काढघाल करून त्या पट्ट्यांची पकडही सैल होते, आणि मग प्लगची पिन पितळेला नीट न भिडता कशीबशी टेकून राहते. अशा सांध्यात समजा अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला. अर्धा ओहम ऐकायला अगदी किरकोळ वाटतो, पण उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकटी केटल लावली तर त्या सांध्यात सुमारे २१ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातल्या २५ वॅटच्या डाग देण्याच्या कांडीइतकी. शेगडीही लावली की प्रवाह सव्वादोन पटींहून जास्त वाढतो आणि उष्णता पाचपटीहून अधिक, म्हणजे शंभर वॅटच्या पलीकडे जाते. ती सगळी सुपारीएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आत, आणि बऱ्याचदा पडद्याच्या मागे.

यावर ‘आमच्याकडे एमसीबी बसवलेली आहे’ असे अभिमानाने सांगावे. हे वाक्य पालकांना फार आवडते. एमसीबी बिचारी प्रवाह किती आहे एवढेच पाहते. सांधा किती तापला आहे, हे तिला दिसत नाही. सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो, तेव्हा ती खाली पडण्याचा प्रश्नच नसतो. शिवाय ती राखण करते भिंतीतल्या जाड वायरीची. मुलांनी आणलेल्या बोर्डाची बारीक वायर तिच्या हिशेबात नाही. सोळा अँपिअरची एमसीबी पंधरा अँपिअरवर रात्रभर शांत उभी राहते आणि अठरा अँपिअरवरही तासभर तरी पडत नाही, कारण ती तशीच घडवलेली असते. शेगडीसाठी वेगळी जाड वायर ओढून सोळा अँपिअरचे, मोठ्या भोकांचे सॉकेट बसवून घेतले तर हे सगळे टळते, पण मग वायरमनचे बिल द्यावे लागते, आणि आपण भाडे घेतो ते बिल देण्यासाठी नाही.

आता आमच्या माडीवर काय झाले ते सांगतो. संकष्टीचा दिवस होता. संध्याकाळी काकूंना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, जिन्यात मासळीचा वास आला. त्या खालूनच कडाडल्या, “आज संकष्टी आहे ठाऊक आहे ना? वर सोडे कोण भाजतंय?” आम्ही शपथेवर नाही म्हणालो आणि ते खरे होते, कारण आमची केटल चालू होती आणि तिच्यात नुसते पाणी होते. काकूंचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्या तणतणत वर आल्या, सोडे शोधण्यासाठी त्यांनी खाटेखाली पाहिले, कपाट उघडले आणि शेवटी खिडकीचा पडदा सरकवला. पडद्यामागे एक्स्टेन्शनचा प्लग तपकिरी होऊन सॉकेटला चिकटला होता. एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक मेणासारखे ओघळले होते आणि पडद्याच्या काठाला रुपयाएवढा पिवळा डाग पडला होता. प्लग आणि स्विच ज्या प्लॅस्टिकचे असतात त्यांतल्या काही प्रकारांना तापल्यावर मासळीसारखा कुबट वास येतो. इतर प्रांतांत हा वास आला तर माणसे चमकत असतील, पण आपल्याकडे तो कोणत्याही गल्लीत, कोणत्याही वेळी स्वाभाविकच असतो. संकष्टी नसती तर काकू वर आल्याच नसत्या. बाकीच्या खुणाही आमच्यासमोर आठवडाभर होत्या: केटल लावली की ट्यूबलाइट डोळा मिचकावत असे, बोर्डातून बारीक चरचर ऐकू येई आणि प्लगला हात लावला तर तो कोमट लागे. आम्ही त्याचा संबंध पावसाशी जोडला होता, कारण कोकणात विजेच्या प्रत्येक खोडीचा संबंध पावसाशी जोडता येतो.

चार्जरविषयी मात्र उगाच ओरड करू नये. मोबाइलचा चार्जर वीस-पंचवीस वॅटचा, त्याने बोर्डावर भार असा पडत नाही. त्याचे योगदान वेगळे आहे. त्याच्यामुळे बोर्ड खाटेवर उशीपाशी येतो आणि रात्रभर चालूच राहतो. फोन उशीखाली ठेवून मुले झोपतात, त्यामुळे त्याची उष्णता बाहेर पडत नाही, आणि फोनच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. झोपलेल्या माणसाचे नाक जागे राहत नाही, हेही एक बरे असते. जळका वास त्याला उठवीलच असे नाही, कर्णकर्कश वाजणारे धूरसूचक यंत्र उठवते. तेव्हा हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र छताला लावण्याची चूक करू नये, नाहीतर शेजाऱ्यांची झोपमोड होईल. आग विझवायचा लाल नळकांडा घ्यावाच लागला, तर तो खाली आपल्या दिवाणखान्यात, कपाटाच्या मागे ठेवावा, म्हणजे मुले त्याच्याशी खेळत नाहीत.

एवढी तयारी झाल्यावर राहतो तो प्रश्न बाहेर पडण्याचा, आणि तो कायमचा सोडवून टाकलेला बरा. माकडांसाठी खिडक्यांना ग्रिल असतेच. ते पक्के असावे. बिजागरीवर आतून उघडणारा एक चौकोन ठेवता येतो, पण माकडे हुशार असतात. जिन्याखाली सोडणे रचलेली असल्याने जिना आयत्या वेळी धुराड्याचे काम उत्तम करतो आणि धूर आधी माडीवर पोचवतो. आणि रात्री दहा वाजता लोखंडी फाटकाला बाहेरून नव्हे, आतूनच कुलूप घालून किल्ली आपल्या उशाखाली ठेवावी. आतून घातले की ते बंदिवासासारखे दिसत नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधला केबलचा सैल सांधा तापून आग लागली. धूर वर बाल्कनीत गेला, तिथला एक दरवाजा बंद होता, जादा खुर्च्या बसवून वाट अडवलेली होती. ५९ माणसे गेली, तीही बहुतेक धुराने गुदमरून. सैल सांधा, वर चढणारा धूर आणि बंद दार, एवढेच साहित्य लागते. आपल्या घरी ते सगळे आहे, फक्त प्रमाण घरगुती आहे. कागदोपत्री आपली इमारत ‘राहते घर’ असल्यामुळे तपासायलाही कोणी येत नाही.

किनाऱ्यावरच्या कुलपाला आणखी एक गुण असतो. ते गंजते. आमच्या फाटकाचे कुलूप उघडायला किल्ली अर्धी आत घालून, जराशी मागे ओढून, मग डावीकडे झटका द्यावा लागे, आणि ही युक्ती फक्त काकूंना साधली होती. महिन्यातून एकदा त्या मुलीकडे मुंबईला जात, तेव्हा शेजारचे आजोबा दहा वाजता येऊन कुलूप लावत आणि किल्ली आपल्या घरी नेत. त्या वितळलेल्या प्लगच्या रात्री, काकू तो चिमट्यात धरून खाली निघालेल्या असताना, मी धीर करून म्हटले की फाटकाची एक किल्ली आमच्याजवळ असावी, नाहीतर कुलपाऐवजी आतून नुसती कडी तरी चालेल. काकू जिन्यात थांबल्या. त्यांनी प्लगकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि खरोखरच न समजल्यासारखे विचारले, “किल्ली तुमच्याकडे द्यायची, तर मग कुलूप कशाला घालायचं?”