गृहकर्ज आधी फेडायचं की पैसे गुंतवायचे: करानंतरचा हिशेब

"गृहकर्ज मुदतीआधी फेडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. कर्ज साडेआठ टक्क्यांचं, पण व्याजावर टॅक्स वाचतो म्हणून पडतं जेमतेम सहाला. एफडी सात देते, पतसंस्था साडेनऊ, म्युच्युअल फंड बारा. मग बँकेला पैसे नेऊन कशाला द्यायचे?"

हा दावा तपासायला सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट घेतलेला, कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणारा एक माणूस समोर धरू. पगार १८ लाख. कर्ज २० लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता सुमारे १९,७००. हाताशी ३ लाख मोकळे आहेत.

पहिली गोष्ट टॅक्सची. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, तीही वर्षाला २ लाखांपर्यंतच. आपला माणूस नव्या पद्धतीत असेल (आणि आता बहुतेक नोकरदार तिथेच आहेत), तर त्याचं कर्ज त्याला पूर्ण साडेआठलाच पडतं. जुन्या पद्धतीत तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात येतो, सेस धरून ३१.२. यंदाचं त्याचं व्याज १ लाख ७० हजारांच्या आत आहे, म्हणजे सगळं वजावटीत बसतं. त्यामुळे कर्ज खरोखर ५.८५ टक्क्यांना पडतं. मात्र कर्ज ४० लाखांचं असतं, तर व्याज ३ लाखांच्या वर गेलं असतं. मग ३ लाख भरून जे व्याज कमी झालं असतं, ते २ लाखांच्या मर्यादेबाहेरचं, म्हणजे ज्यावर वजावट मिळतच नव्हती असं. जुनी पद्धत असूनही ते ३ लाख साडेआठ टक्केच वाचवतात. हे बारीक गणित कुणी सांगत नाही.

आता एफडी. एकीकडे टॅक्स वजा करायचा आणि दुसरीकडे विसरायचा, ही यातली खरी गोम आहे. एफडीचं व्याज उत्पन्नात धरलं जातं. नव्या पद्धतीत आपला माणूस २० टक्क्यांच्या टप्प्यात, सेससह २०.८. सात टक्क्यांतले हाती उरतात साडेपाच, समोर वाचणारे साडेआठ. जुन्या पद्धतीत सातचे ४.८ होतात, समोर ५.८५. दोन्हीकडे एफडी हरते.

पतसंस्थेचे साडेनऊ नव्या पद्धतीत करानंतर साडेसात होतात. म्हणजे तेही कमीच. शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. ठेवी अडकल्या की काय हाल होतात, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

म्युच्युअल फंडाचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. ३ लाख कर्जात भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर दहा वर्षांनी बाकी रक्कम सुमारे ७ लाखांनी कमी असेल. तेच ३ लाख इक्विटी फंडात एकरकमी टाकले, तर विकताना सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि सेस लागतो. कर भरून हातात ७ लाख यायला फंडाला वर्षाला साधारण साडेनऊ टक्के द्यावेच लागतात. बारा मिळाले तर हाती येतात ८ लाख ६६ हजार, म्हणजे दीडेक लाखाचा फायदा. सातच मिळाले तर ५ लाख ७० हजार, म्हणजे सव्वा लाखाचा तोटा. बारा हा अंदाज आहे, साडेआठची बचत नक्की आहे. नव्या पद्धतीतल्या माणसाने एवढ्या फरकासाठी जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही. जुन्या पद्धतीत, व्याज २ लाखांच्या आत असेल आणि दहा वर्षं पैशाला हात लावायचा नसेल, तर फंडाची बाजू जड आहे, हे मान्य.

एक गोष्ट सुरुवातीच्या दाव्यात नाही, पण असायला हवी होती: कर्जात भरलेला पैसा मागितला म्हणून परत मिळत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीच्या पेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं, तेव्हा कुणाचं किती कर्ज फिटलंय यापेक्षा खात्यात रोख किती आहे, याला महत्त्व होतं. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवून उरेल तेच भरायचं. ओव्हरड्राफ्टसारखं गृहकर्ज असेल तर ही अडचण राहत नाही. त्यात भरलेली रक्कम पुन्हा काढता येते.

आणि भरायला जाल तेव्हा अर्जावर "हप्ता तोच, मुदत कमी" असं स्पष्ट लिहा. या उदाहरणात १८० चे साधारण १३४ हप्ते होतात. बँकेने हप्ता कमी करून मुदत तीच ठेवली, तर दरमहा वाचलेले तीनेक हजार घरखर्चात कधी विरले ते कळतही नाही. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. फिक्स्ड दराचं असेल तर करारातली अट आधी वाचा. पैसे भरल्यावर आठवड्याभरात परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख मागे आली आहे का, ते बघा.